टोमॅटोच्या क्रेटचा तळ आणि किलोचा भाव

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात टोमॅटोचा क्रेट ४०० रुपयांना मिळाला, म्हणजे किलोला २० रुपये पडले. तोच टोमॅटो सकाळी नऊ वाजता कोथरूडच्या किंवा धनकवडीच्या हातगाडीवर ४० ते ४५ रुपयांनी विकला जातो. वर्तमानपत्रांत हे दोन आकडे शेजारी छापले की वाचणाऱ्याचा समज होतो, की मधले वीस-पंचवीस रुपये किरकोळ विक्रेत्याने खिशात घातले. ते खरोखर कुठे जातात, हे पाहायला एक दिवसाचा माल तळापर्यंत मोजावा लागतो. इथे आपण पाच क्रेट घेणाऱ्या एका हातगाडीचा हिशेब मांडू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून ठोकळ धरले आहेत.

टोमॅटोचा क्रेट प्लास्टिकचा, जाळीदार आणि साधारण २० किलोचा असतो. पाच क्रेट म्हणजे १०० किलो माल, २००० रुपयांचा. फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची, असा बदल राज्य सरकारने २०१६ मध्ये केला. ती सहा टक्के धरली तर १२० रुपये. हमाली-तोलाईचे ५० आणि चौघांनी मिळून केलेल्या टेम्पोतला आपला वाटा १३० रुपये. गाडीवर माल उतरेपर्यंत १०० किलोचे २३०० रुपये झाले. किलोला २३.

आता क्रेट रिकामे होतात. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून विक्रेता एकेक क्रेट अलगद आडवा करतो आणि फडक्याने टोमॅटो पुसत पुसत तीन वाटे करतो. घट्ट आणि चकचकीत माल गाडीच्या दर्शनी बाजूला रचला जातो. जरा मऊ, देठाशी चीर गेलेला किंवा एका अंगाला पिवळा राहिलेला माल बाजूच्या पाटीत जातो. फुटलेला, पाणी सुटलेला माल बादलीत. वरचे दोन थर भराभर निघतात, हात मंदावतो तो तळाशी. वरच्या सगळ्या थरांचा भार रात्रभर खालच्या थरावर असतो. नारायणगावहून येताना गाडीचे धक्के बसतात आणि तळाच्या मऊ फळाला भेग जाते. त्या भेगेतून निघालेला रस शेजारच्या फळांवर पसरतो आणि बुरशीला वाट मिळते. टोमॅटो तोडल्यावरही पिकत राहणारे फळ आहे. पिकताना त्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि तो आसपासच्या फळांनाही पिकवतो. पहाटे पाचला पाटीत टाकण्याजोगा वाटणारा टोमॅटो दुपारी दोनला बादलीतला होतो, तो असा.

समजा चार क्रेटमधून प्रत्येकी दीड किलो माल बादलीत गेला आणि पाचव्याचा तळच बसलेला निघाला, त्यात आठ किलो गेले. एकूण १४ किलो. शिवाय दिवसभराच्या उन्हात पाणी उडून वजन थोडे घटते आणि काटा दर वेळी गिऱ्हाइकाच्या बाजूला जरा झुकता ठेवावा लागतो. त्यात आणखी दोन किलो जातात. शंभर किलो घेतले, तरी पैसे ८४ किलोंचेच येणार.

इथे बहुतेकांचा हिशेब एका ठरावीक जागी चुकतो. सोळा टक्के माल गेला, म्हणून २३ रुपयांवर सोळा टक्के चढवले जातात आणि २६ रुपये ६८ पैसे हा मुद्दलाचा भाव ठरतो. पण या भावाने ८४ किलो विकले तर २२४१ रुपये येतात, मुद्दलात ५९ रुपये कमी. कारण टक्के चढवले पैशांवर, पण घट झाली वजनात. २३०० रुपयांना ८४ ने भागायला हवे, म्हणजे २७ रुपये ३८ पैसे येतात. घट थोडी असताना हा फरक जाणवत नाही, पण ती वाढली की तो फार वेगाने वाढतो. अर्धा माल गेला तर भाव दीडपट करून भागत नाही, दुप्पटच करावा लागतो. पावसाळ्यात, भिजलेला आणि तडकलेला माल येतो तेव्हा, तीस टक्के घट होणे अशक्य नाही. तेव्हा चढवलेल्या भावाने २०९३ रुपयेच हाती येतात. दोनशे रुपये गेले कुठे, हे विक्रेत्याला संध्याकाळी कळत नाही, कारण त्याच्या मते त्याने नासाडी धरूनच भाव लावलेला असतो.

अजून यात त्याची मजुरी आलेली नाही. गाडीवर मिरची, वांगी, कोथिंबीर असे इतरही काही असते. पिशव्या, वर दिलेला कढीपत्ता आणि पहाटे तीनपासून रात्री नऊपर्यंतचे श्रम यांतला टोमॅटोने उचलायचा वाटा ७०० रुपये धरू. म्हणजे टोमॅटोतून ३००० रुपये यायला हवेत. काहीच वाया गेले नसते आणि सगळा माल एका भावाने खपला असता, तर ३० रुपये किलो पुरला असता. सोळा किलो गेल्यावर तो पावणेछत्तीसच्या आसपास येतो.

पण त्या ८४ किलोंतले २४ किलो पाटीतले आहेत. ते सकाळच्या भावाने कुणी घेत नाही. खानावळीवाला ग्रेव्हीसाठी नेतो किंवा दिवे लागल्यावर ‘घ्या, पंधरा रुपये’ म्हणून संपवावे लागतात. त्यांचे ३६० रुपये येतात. उरलेले २६४० रुपये ६० किलो चांगल्या मालातून काढायचे, म्हणजे ४४ रुपये किलो.

मला या हिशेबातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते. बादलीतल्या मालाने आणि घटीने भाव ३० वरून ३६ च्या जवळ नेला, तर पाटीतल्या मालाने तो तिथून ४४ वर नेला. नासाडीबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांपुढे उकिरड्यावर पडलेला लाल चिखल येतो. गिऱ्हाइकाच्या खिशाला त्याहून मोठी झळ बसते ती विकल्या गेलेल्या, खाल्ल्याही गेलेल्या मऊ टोमॅटोची. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत टोमॅटोची नासाडी १२.४४ टक्के आली होती, शेतापासून दुकानापर्यंतची सगळी मिळून. धोरण आखायला तो आकडा उपयोगी आहे. गाडीवरचा भाव मात्र त्यावरून ठरवता येत नाही, कारण भाव पडून विकलेला माल तिथे नासाडी म्हणून दिसतच नाही.

आता हाच हिशेब बाजार पडलेला असताना करून पाहू. क्रेट १०० रुपयांना, म्हणजे किलो ५ रुपयांना मिळाला. माल ५०० रुपयांचा, आडत ३०, पण हमाली आणि टेम्पोचे १८० तेवढेच राहतात. मजुरीचे ७०० तेवढेच. एकूण १४१० रुपये. पाटीतला माल पाच रुपयांनी गेला तर १२० येतात आणि चांगल्या मालाचा भाव २१ रुपये ५० पैसे निघतो. घाऊक भावाच्या चौपटीहून जास्त. उलट क्रेट १६०० रुपयांवर गेला, पाटीतला माल ५० रुपयांनी खपला, तर त्याच रीतीने १३६ रुपये येतात. घाऊक ८० च्या पावणेदोनपटसुद्धा नाही. तीनही वेळा माल तेवढाच गेला आणि विक्रेत्याने मजुरी तेवढीच घेतली. शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओतत असतो त्याच आठवड्यात शहरात तो वीस रुपयांनी का विकला जातो, याचे निम्मे उत्तर या गणितात आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासनिबंधात ग्राहकाच्या रुपयातले साधारण ३३ पैसेच टोमॅटो उत्पादकाला मिळतात असे मांडले आहे. हा वाटा अन्याय्यच आहे. पण तो वाढवायचा तर हातगाडीवाल्याचा भाव बांधून वाढणार नाही, कारण त्याच्या भावातला मोठा भाग वाहतूक, हमाली, घट आणि पोटापुरती मजुरी यांचा आहे.

महाग बाजारात विक्रेत्याला वेगळीच भीती असते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या वर गेला होता. १६०० च्या क्रेटचा तळ बसला आणि आठ किलो गेले, तर नुसत्या खरेदीचे ६४० रुपये बादलीत जातात, म्हणजे टोमॅटोच्या वाट्याची जवळपास सगळी मजुरी. म्हणून अशा दिवसांत पाचऐवजी एकच क्रेट उचलणे शहाणपणाचे ठरते.

हिशेबाने ४४ आले तरी ४४ मिळतीलच असे नाही. शेजारच्या गाडीला चांगला माल लागला आणि तिने ४० लावले, तर यालाही ४० लावावे लागतात. मग ६० किलोंचे २४०० आणि पाटीतले ३६० मिळून २७६० होतात. २३०० वजा जाता हातात ४६०. पाचव्या क्रेटचा तळ बसला नसता, त्यातूनही दीडच किलो गेला असता, तर साडेसहा किलो चांगला माल जास्त विकला जाऊन ७२० राहिले असते. त्या तळाची किंमत गिऱ्हाइकाने मोजली नाही, ती विक्रेत्याच्या मजुरीतून गेली.

म्हणून नासाडीविरुद्धचे खरे काम भाव लावताना होत नाही, ते पहाटे गाळ्यावर होते. क्रेट ओतून दाखवा असे तिथे म्हणता येत नाही आणि वरचा थर तर सगळ्यांचाच देखणा असतो. जाणता विक्रेता क्रेट उचलून जाळीतून तळ पाहतो. खालची फरशी ओली आहे का, जाळीच्या कडांना बिया चिकटल्या आहेत का, आंबूस वास येतो का, हे तपासतो. संध्याकाळी विकायचा माल तो जरा कचवट घेतो, म्हणजे दुपारपर्यंत रंग येतो. पाचही क्रेट लालभडक घेतले, की चार वाजता सगळेच एकदम पाटीत जायला लागतात.

चांगला तळ पाहून घेतलेला माल महाग पडतो. क्रेटमागे ३० रुपये जास्त दिले तर पाच क्रेटचे १५० आणि त्यावरची आडत धरून १५९ रुपये रोज. बसलेल्या एका तळाने ४० च्या भावात २६० रुपयांचे नुकसान होते. तेव्हा पाच दिवसांत तीनपेक्षा जास्त वेळा असा तळ निघत असेल, तरच रोजचे १५९ रुपये परवडतात. आठवड्यातून दोनदाच निघत असेल, तर नेहमीचा माल घेऊन तेवढी घट सोसणे स्वस्त पडते. तो किती वेळा निघतो हे कळायला बादली फेकण्याआधी काट्यावर ठेवून वजन वहीत उतरवावे लागते, आणि पावसाळ्याचे पान उन्हाळ्याच्या पानापासून वेगळे ठेवावे लागते.