तांबी, पाळी आणि भिंतीवरचं कॅलेंडर

दुसरं मूल चौदा महिन्यांचं झाल्यावर तिनं तांबी बसवून घेतली. तीन महिन्यांनी ती पुन्हा दवाखान्यात आली ती एकच मागणी घेऊन. "मॅडम, काढून टाका. अंगावरून फार जातंय, पोटही फार दुखतं."

"फार म्हणजे किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"फारच."

"आणि पूर्वी किती जायचं?"

यावर ती गप्प. कारण पाळीचं माप कुणी लिहून ठेवत नाही. दुधाचं ठेवतो, गॅस सिलिंडरचं ठेवतो, पाळीची मात्र फार तर तारीख लक्षात राहते. तांबी बसवल्यावर काय बदललं हे ठरवायचं तर हे माप हाताशी हवं. ही बाई कुणी एक नाही, अशा अनेकींच्या अनुभवांवरून जुळवलेलं हे उदाहरण आहे. पण तिच्या कॅलेंडरवरच्या खुणांवरून तांबीचं वागणं नीट कळतं.

आधी तांबी काय करते ते पाहू. इंग्रजी टी अक्षरासारखा प्लास्टिकचा लहानसा सांगाडा आणि त्यावर तांब्याची तार. सरकारी दवाखान्यांत मिळणाऱ्या ३८०-ए प्रकारच्या तांबीवर ३८० चौरस मिलिमीटर तांबं असतं आणि ती १० वर्षं चालते. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात. तांबीत हार्मोन नसतं, त्यामुळे बीजकोषांचं काम पूर्वीसारखंच चालू राहतं. दर महिन्याला बीज तयार होतं आणि पाळी आपल्या वेळेला येते. पाळीचं वेळापत्रक तांबी बदलत नाही. ती बदलते पाळीचं माप.

ते का बदलतं? गर्भाशयाच्या दृष्टीनं तांबी ही बाहेरून आलेली वस्तू. तिच्यामुळे आतल्या अस्तराला सौम्य दाह होतो आणि तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं जास्त तयार होतात. ही द्रव्यं गर्भाशयाचे स्नायू आवळतात, म्हणून कळा वाढतात. त्यांचा परिणाम अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांवरही होतो. शिवाय रक्ताची गुठळी विरघळवणारी क्रियाही तिथं वाढते, त्यामुळे वाहिन्यांची तोंडं लवकर बंद होत नाहीत. साधारणपणे एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. तांबी असताना त्यात जवळपास निम्म्यानं भर पडू शकते, आणि एखादा-दोन दिवस वाढतात.

डॉक्टरांनी तिला तांबी काढायची की नाही हे लगेच सांगितलं नाही. आधी तपासणी केली. तांबी जागेवर होती, दोऱ्यांची लांबी बरोबर होती, ताप किंवा दुर्गंधीचा स्राव नव्हता, गर्भाशयाला हात लावल्यावर दुखत नव्हतं. मग तिला तीनही पाळ्या आठवून सांगायला लावल्या. तांबीपूर्वी ४ दिवस आणि १० पॅड. तांबीनंतरच्या पहिल्या पाळीत ७ दिवस आणि १९ पॅड. तिसऱ्या पाळीत ६ दिवस आणि १६ पॅड.

नुसती पॅडची संख्या फसवते, कारण कुणी पॅड पूर्ण भिजल्यावर बदलते, कुणी डाग पडताच. यावर सोपा हिशेब आहे. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तो मांडला आणि आजही तो वापरला जातो. जेमतेम डाग पडलेल्या पॅडला १ गुण, बऱ्यापैकी भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त समजायचा. तिच्या पहिल्या पाळीत ५ पॅड पूर्ण भिजले होते, ६ अर्धे आणि ८ ना नुसते डाग होते. म्हणजे १००, ३० आणि ८ मिळून १३८. तिसऱ्या पाळीत ४, ६ आणि ६, म्हणजे ११६. बाजारातले आजचे पॅड वेगवेगळं शोषतात, त्यामुळे आपला आकडा मैत्रिणीच्या आकड्याशी ताडून उपयोग नाही. त्याच प्रकारचे पॅड वापरून आपल्याच मागच्या महिन्याशी ताडायचा.

तिचा आकडा जास्त होता, पण उतरत होता. डॉक्टरांना हेच पाहायचं होतं. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत पाळी जड जाणं, एक-दोन दिवस लांबणं, पहिल्या दोन दिवसांत कळा येणं, दोन पाळ्यांच्या मध्ये अधूनमधून बारीक डाग दिसणं हे अपेक्षित असतं. बहुतेकींमध्ये ते हळूहळू कमी होतं. काहींची पाळी पूर्वीपेक्षा थोडी जड राहतेच.

"पण तोवर सोसायचं का?" तिनं विचारलं. अजिबात नाही. दुखणं आणि रक्तस्राव या दोन्हींच्या मुळाशी प्रोस्टाग्लँडिन आहे, म्हणून ते अडवणारी गोळी दोन्ही कामं करते. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन ही अशी औषधं. पॅरासिटामॉलनं कळ थोडी कमी होईल, पण रक्तस्राव कमी होणार नाही. ॲस्पिरिन टाळायचं, त्यानं तो वाढू शकतो. तिला मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, जेवणानंतर, असं दिलं. रक्त दिसताच सुरू करायचं आणि ३ ते ५ दिवस नियमित घ्यायचं. असह्य झाल्यावर एखादी गोळी घेतली तर तेवढा गुण येत नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकांनी बळावणारा दमा असेल तर ही गोळी चालत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात, पण पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेल्या बाईला ते देत नाहीत. म्हणून दुकानातून स्वतः आणून घेण्याचं हे औषध नाही.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही तपासलं. १०.८ निघालं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं ते किमान १२ हवं. जास्तीच्या २०-३० मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण १० ते १५ मिलिग्रॅम लोह जातं. हे थोडं वाटतं, पण आपलं शरीर अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच कमी असलेल्या साठ्यातून दर महिन्याला एवढं गेलं तर जिना चढताना दम लागणं, चक्कर, सततचा थकवा सुरू होतो. बाई हे घरकामाच्या खात्यावर टाकते. तिला तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितलं. चहाबरोबर मुळीच नाही, कारण चहानं लोह नीट शोषलं जात नाही.

शेवटी तिला एक काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या नोंदीशेजारी, रोज लहान आकडा लिहायचा. पाचव्या पाळीत बेरीज ९० झाली. ५ दिवसांत आटोपलं. हिमोग्लोबिन ११.६ वर आलं. तांबी काढण्याचा विषय मागे पडला.

आठव्या महिन्यात कॅलेंडर बदललं. पाळी वेळेवर आली, पण ७ दिवस चालली आणि बेरीज पुन्हा १३० वर गेली. संपल्यावर नवव्या दिवशी परत डाग. मग ओटीपोटात कळ, पाळी नसताना. संबंधाच्या वेळी नवऱ्याला काहीतरी टोचलं. तिनं स्वच्छ हातानं तपासलं तर दोरा नेहमीपेक्षा लांब लागला.

उतरता आकडा चढायला लागणं, तारखेबाहेर रक्त दिसणं, पाळीबाहेर दुखणं या तीन गोष्टींसाठी पुढच्या पाळीची वाट पाहायची नसते. तांबी २० पैकी साधारण एकीमध्ये पूर्ण किंवा अर्धवट खाली सरकते. पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या ३ महिन्यांत ही शक्यता जास्त, आणि बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी अधिक वेळा सरकते. डॉक्टरांनी आधी लघवीची गर्भचाचणी केली. ती नकारात्मक आली. आतून पाहिलं तर तांबीचं खालचं टोक गर्भाशयाच्या मुखाशी दिसत होतं. अशी तांबी गर्भधारणा रोखण्याच्या भरवशाची राहत नाही. ती काढली. स्वतः दोरा ओढून काढायचा प्रयत्न तिनं केला नाही हे बरं झालं.

दोरा लांब होण्याऐवजी हाताला लागेनासा झाला तरी दाखवायचंच, आणि तोवर निरोध वापरायचा. बहुतेकदा दोरा नुसता वर गुंडाळलेला असतो, सोनोग्राफीत तांबी जागेवर दिसते. तांबी छातीत चढते ही भीती मात्र खोटी. फार क्वचित, हजारात एक-दोघींमध्ये, बसवताना ती गर्भाशयाच्या भिंतीतून पोटात जाऊ शकते, तेव्हा ती शोधून काढावी लागते.

काही खुणांसाठी त्याच दिवशी जायचं. दर तासाला पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन तासांहून जास्त चाललंय. ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचा स्राव, विशेषतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. आणि पाळी चुकणं. तांबी तारीख बदलत नाही, म्हणून चुकलेली पाळी तांबीमुळे असेल असं समजून थांबू नये. चाचणी करावी. तांबी असताना गर्भ राहणं दुर्मीळ, पण राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता वाढलेली असते. चाचणी होकारात्मक आणि पोटात एका बाजूला दुखतंय किंवा घेरी येतेय, तर थेट रुग्णालय.

आणखी एक घोटाळा होतो. चार-पाच वर्षं निवांत असलेल्या बाईला अचानक जास्त जायला लागलं की सगळा दोष तांबीवर जातो. अशा वेळी फायब्रॉइड, पॉलिप, थायरॉइड, गर्भाशयाच्या मुखाचा आजार यांचा शोध घ्यावा लागतो. संबंधांनंतर रक्त दिसणं तर कधीच तांबीच्या नावावर टाकून सोडू नये.

आपल्या बाईंनी पुन्हा तांबी घेतली नाही. आधीपासूनच जड पाळी किंवा रक्त कमी असलेल्यांना हार्मोनची कॉइल बरी पडते. तिनं रक्तस्राव कमी होतो, मात्र सुरुवातीचे काही महिने डाग अनियमित दिसतात. ती बसवून घरी गेल्यावर तिनं कॅलेंडरचं पान उलटलं, कार्डावरची तारीख त्यावर लिहिली आणि खाली दुधाच्या आकड्याशेजारी पहिला १ लिहिला.