ब्युरेटमधला बुडबुडा

फ्लास्कमध्ये १० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. फिनॉल्फथॅलिनची फिकट गुलाबी छटा टिकली की वाचन घ्यायचे.

| क्र. | सुरुवात | शेवट | फरक (मिली) |
|---|---|---|---|
| १ | ०.० | १०.९ | १०.९ |
| २ | ०.० | १०.४ | १०.४ |
| ३ | १०.४ | २०.८ | १०.४ |

जुळणारी दोनच वाचने गणितात घ्यावीत: ०.१ × १०.४ ÷ १० = ०.१०४ मोलर. पहिले वाचन खोडू नये. ते जास्त का आले, हे चर्चेत लिहावे. तोटीतला हवेचा बुडबुडा मध्येच निघाला, तर त्याची जागा द्रावण भरते. ते फ्लास्कमध्ये पडत नाही, पण वाचनात मोजले जाते. म्हणून आम्ल ०.१०९ मोलर, म्हणजे खऱ्यापेक्षा तीव्र भासते. नुसते ‘मानवी चूक’ लिहिल्याने चुकीची ही दिशा कळत नाही.