एकपासून मोजायचं की शून्यापासून?

माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणाऱ्या एक काकू भजनी मंडळात पेटी वाजवतात. कान पक्का, बोटं तयार. नातवंडांच्या इंग्रजी गाण्यांना कॉर्डची साथ करायची म्हणून त्या आल्या, तेव्हा थिअरीचं एक टिपण सोबत होतं. त्यात पाच रेषा, त्यांवर काळे ठिपके, आणि खाली सी, डी, ई अशी स्वरांची नावं. "सर, हे ठिपके मला वाचता येत नाहीत," त्या म्हणाल्या. मी त्यांना रेषा झाकायला सांगितल्या. स्केल, इंटरव्हल आणि कॉर्ड ही तिन्ही पट्ट्यांमधली अंतरं आहेत, आणि अंतर मोजायला नोटेशन लागत नाही.

स्केलला वेळ लागला नाही. पांढरी एक हा सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की बिलावल थाटाचे स्वर मिळतात. टिपण त्यालाच सी मेजर म्हणतं. अगदी शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर, ती काळी असो वा पांढरी, म्हणजे एक सेमिटोन. सा ते रे दोन, रे ते ग दोन, ग ते म एक, पुढे दोन, दोन, दोन आणि शेवटी नी ते वरचा सा एक. बेरीज बारा. मग मी पांढरी दोनचा, म्हणजे डीचा सा करायला सांगितला. काकूंनी तेच स्वर कानाने वाजवले आणि काळी तीन व काळी एक आपोआप बोटांखाली आल्या. टिपणात डी मेजरला दोन शार्प का, याचं उत्तर त्यांच्या हातातच होतं.

गाडी अडली ती इंटरव्हलवर. टिपणात लिहिलं होतं, 'मेजर थर्ड : चार सेमिटोन'. काकूंनी सरळ विचारलं, "तीन की चार?" प्रश्न अगदी रास्त आहे, कारण इथे दोन वेगळ्या मोजण्या एकाच ओळीत कोंबलेल्या असतात. 'थर्ड' ही नावांची मोजणी. सी, डी, ई अशी तीन नावं झाली. त्यात पहिलं नावही धरायचं. सेमिटोन मोजताना मात्र सुरुवातीची पट्टी शून्य. तिथून पुढे किती पट्ट्या सरकलो, तेवढंच मोजायचं.

नवशिका सावर बोट ठेवून "एक" म्हणतो आणि "चार"ला कोमल गवर पोहोचतो. पाचव्या स्वरासाठी सात मोजायला सांगितलं, तर पंचमाऐवजी तीव्र मवर थांबतो. सा, कोमल ग, तीव्र म एकदम दाबले की मेजरऐवजी डिमिनिश्ड कॉर्ड वाजतो. तो अस्वस्थ, अधांतरी वाटतो. पेटीवाल्याच्या कानाला ही चूक लगेच कळते, म्हणून मोजणी झाली की मी नेहमी सा-पची जोडी वाजवून बघायला सांगतो. ती स्थिर लागली नाही तर पुन्हा शून्यापासून मोजायचं.

कॉर्ड आता सोपा होतो. मेजर म्हणजे आधी चार सेमिटोन, मग तीन. मायनर म्हणजे आधी तीन, मग चार. दोन्हींची बेरीज सात, म्हणून दोन्हींत पंचम तोच राहतो आणि बदलतो फक्त मधला स्वर. काकूंनी डी मेजरसाठी डी, एफ, ए अशा तीन पांढऱ्या दाबल्या आणि म्हणाल्या, "हा उदास का वाटतो?" मोजून पाहिलं. डी ते एफ तीनच भरले, एफ ते ए चार. म्हणजे तो डी मायनर होता. मधलं बोट एक पट्टी वर, काळी तीनवर नेलं आणि मेजर मिळाला. त्या पट्टीला इथे एफ शार्प म्हणायचं, जी फ्लॅट नाही. पट्टी एकच, पण डी, ई, एफ ही तीन नावं झाली तरच तो थर्ड. जी म्हटलं की चौथं नाव होतं.

ही मोजणी एका ठिकाणी फसते. डी मेजरमधला डी वर नेऊन एफ शार्प, ए, डी असा कॉर्ड वाजवला, तर अंतरं तीन आणि पाच येतात आणि 'चार-तीन' जुळत नाही. अशा वेळी वरचा स्वर एक सप्तक खाली आणावा. चार-तीन किंवा तीन-चार ही जोडी आली की सगळ्यांत खालच्या स्वराचं नाव तेच कॉर्डचं नाव.

टिपणं तयार करणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. इंटरव्हलच्या तक्त्यात नावांचा आकडा आणि सेमिटोनचा आकडा वेगळ्या रकान्यांत छापा, आणि दुसऱ्या रकान्यावर ठळक लिहा : पहिली पट्टी शून्य.