पेटीने श्वास कुठून घ्यावा

भोकरदन तालुक्यातल्या पूर्णेकाठच्या केदारखेड्याच्या शिवारात विहिरीपाशी उभी असलेली मोटारीची पेटी आता नुसती स्टार्टरची राहिलेली नाही. जुना स्टार्टर म्हणजे जाड तांब्याची संपर्क-टोके, मोठे स्क्रू, दोन फेजांमध्ये बोटभर अंतर. थोडी ओल, थोडी धूळ तो सोसायचा. त्याच्या शेजारी मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारा कंट्रोलर बसला, कुठे ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीने उघडणारा बोर्ड बसला, आणि त्या बोर्डावरच्या दोन रेषांमधले अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असते. तिथे दोन थेंब पुरतात. म्हणून माणसे साहजिकच पेटी अधिकाधिक बंद करायला लागली: झाकणाला जाड रबर, प्रत्येक फटीत सिलिकॉन, जिथे शंका तिथे एम-सील. माझे म्हणणे असे की हा उलटा रस्ता आहे. उन्हात उभी असलेली पेटी श्वास घेतेच. तो थांबवता येत नाही. तो कुठून होईल एवढेच आपल्या हातात असते, आणि ते आपण ठरवले नाही तर पेटी स्वतःची जागा शोधते. ती जागा बहुतेक वेळा केबल आत शिरते तिथली असते.

हे आकड्यांनी पाहू. ३० सेंटीमीटर रुंद, ४० उंच आणि २० खोल अशी पेटी घेतली तर आत २४ लिटर हवा मावते. मे महिन्यातल्या दुपारी, पश्चिमेच्या उन्हात, आतले तापमान ६० अंशांवर जाते. मग चार वाजता वळीव येतो. गार पाण्याचा मारा पत्र्यावर बसतो आणि थोड्याच वेळात आतली हवा २८ अंशांपर्यंत उतरते. तापमान असे पडले की आतल्या हवेचा दाब जवळपास एक दशांशाने घटतो. पेटी खरोखरच हवाबंद असेल तर ही ओढ जवळपास एक मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी भरते. म्हणजे त्या घटकेला केबल ग्लँडभोवती साचलेला पाण्याचा थर आणि एक मीटर खोल पाण्यात बुडवलेला ग्लँड यांत फारसा फरक उरत नाही. पाऊस नुसता अंगावरून ओघळत नाही, पेटी त्याला आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी ऊन पडले की हवा बाहेर जाते आणि पाणी आत राहते. जितके झाकण चांगले, तितकी ही ओढ उरलेल्या एखाद्या बारीक फटीवर एकवटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पेटी आयपी ६५ ची आहे, कंपनीचे प्रमाणपत्र आहे, मग पाणी शिरेलच कसे? हा दर्जा खोटा नाही. पण तो कशाची हमी देतो ते पाहायला हवे. पाण्याच्या फवाऱ्याच्या आणि बुडवण्याच्या चाचण्यांत पाणी आणि पेटी यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, अशी अपेक्षा असते. पाणी त्याहून गार असेल तर आतला-बाहेरचा दाब सारखा राखावा लागतो. चाचणीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण तिथे सांध्यांची परीक्षा असते. पण वळवाच्या सरीत फरक तीस अंशांचा असतो आणि दाब सारखा करणारे कोणी नसते. शिवाय प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या पेटीचे असते. आपण तिला चार भोके पाडली की ते त्या चार भोकांच्या लायकीवर येऊन थांबते.

दुसरे म्हणणे असे की आत दिसते ते पावसाचे पाणी नसतेच, हवेतली ओल थिजून झालेले असते. हे कधी खरे असते, कधी नाही, आणि ते ओळखता येते. २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या २४ लिटर हवेत एकूण वाफच अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असते. ती १५ अंशांवर आली तरी त्यातली तिसऱ्या हिश्शाहून कमी वाफ थिजते, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब. म्हणून पेटीच्या तळाशी अर्धी वाटी पाणी सापडले तर ते एका रात्रीच्या दवाचे नव्हे. ते पाणी म्हणूनच आत आले, किंवा कुठून तरी ओली हवा सतत येत राहिली. खुणाही वेगळ्या असतात. दवाचे थेंब स्वच्छ असतात आणि झाकणाच्या, छताच्या आतल्या बाजूला सारखे पसरलेले दिसतात. आत शिरलेले पाणी मातीचा माग सोडते. तो माग वर शोधत गेले की एखादा ग्लँड किंवा स्क्रूचे भोक सापडते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून सिलिकॉनची नळी हातात घेण्याआधी हा माग पाहिला पाहिजे.

दवावरचा उपाय मला सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण तोच उन्हावरचाही उपाय आहे. निरभ्र रात्री उघड्यावरचा पत्रा आकाशाकडे उष्णता सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. पौषातल्या पहाटे पेटीच्या छताला आधी घाम फुटतो तो यामुळे. दिवसा त्याच पत्र्यावर सूर्य पडतो. आपल्या पेटीची पश्चिमेची बाजू १२०० चौरस सेंटीमीटरची धरली, रंग राखाडी धरला, तर दुपारच्या कलत्या उन्हातून ती साधारण ४० वॅट उष्णता पिते. आतला कंट्रोलर स्वतः जेमतेम ४ वॅट सोडतो. भिंतीला टेकलेली पाठ सोडून उरलेल्या बाजूंवरून हिशेब केला, तर कंट्रोलरमुळे आतले तापमान दोन अंशांनी वाढते आणि उन्हामुळे एकोणीस-वीस अंशांनी. मग वायुवीजनाची भोके कशासाठी पाडायची? वर आणि पश्चिमेला, पेटीपासून तीन-चार सेंटीमीटर अंतर ठेवून एक साधा पत्रा बसवला की दिवसा ऊन अडते आणि रात्री आकाश अडते. ४२ अंशांच्या दुपारी आत साठाच्या वर जाण्याऐवजी चव्वेचाळीस-पंचेचाळीस राहतात. बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंशांमागे साधारण अर्धे आयुष्य गमावतात, त्यामुळे हा फरक वर्षांमध्ये मोजावा लागतो. आणि वळवाची ओढही तेवढीच कमी होते. पारदर्शक झाकणाची पेटी मात्र दिवा दिसतो म्हणून घेऊ नये. ऊन आत शिरते आणि आतच अडकते.

कंट्रोलरची ती ४ वॅट उष्णता रात्री कामाला येते. बाहेरची हवा ओलीचिंब असली तरी आत दोन अंश जास्त असतील तर आतली आर्द्रता शंभराऐवजी नव्वदच्या आसपास राहते आणि भिंती थेंब धरत नाहीत. अट एकच, कंट्रोलर रात्रभर चालू हवा. शेतीची थ्री-फेज लाइन पाळीने येते, म्हणून तो बॅटरीवर राहील अशी सोय हवी. वेगळा हीटर लावावा असे काही जण सुचवतात. वीज जाते तेव्हा हीटरही जातो, आणि नेमकी तीच वेळ दवाची असते. सिलिका जेलची पुडी खरोखर बंद पेटीत उपयोगी आहे. श्वास घेणाऱ्या पेटीत ती लवकरच भरते आणि नुसती पडून राहते.

आता ग्लँडकडे येऊ, कारण शिवारात सर्वाधिक चूक इथे दिसते. नायलॉनचा ग्लँड गोल केबलसाठी असतो. २० मिलिमीटरचा ग्लँड साधारण ६ ते १२ मिलिमीटर जाडीची केबल पकडतो. पाणबुडी मोटारीची केबल मात्र चपटी असते, तिची रुंदी जाडीच्या दुपटीहून जास्त. गोल रबर आवळले की ते वरून-खालून बसते आणि दोन्ही कडांना फट राहते. नट आणखी आवळला तर रबर फाटते, फट तशीच राहते. चपट्या खाचेचे रबर मिळाले तर उत्तम. नाही तर मोटारीची केबल खाली वेगळ्या जोडपेटीत संपवून तिथून गोल केबल वर आणावी. एका ग्लँडमधून सेन्सरच्या दोन बारीक वायरी नेणे ही तीच चूक लहान मापात आहे. सगळे ग्लँड तळाला हवेत, आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोल घेऊन वर यायला हवी, म्हणजे तिच्यावरून येणारे पाणी झोलातून टपकते. सिलिकॉन लावायचेच तर व्हिनेगरसारखा वास येणारे टाळावे, कारण त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते.

पण ग्लँड बरोबर बसवूनही एक वाट उरते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. केबल ज्या पाइपातून विहिरीकडे जाते, तो पाइप थेट पेटीच्या तळाला जोडलेला असतो. विहिरीतली हवा कायम ओली. थंडीच्या रात्री ती बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून पाइपातून वर चढते आणि पेटीच्या गार छताला लागून थिजते. रात्रभर ओली हवा येत राहिली तर दोन-तीन थेंबांचा वरचा हिशेब लागू पडत नाही. याच वाटेने मुंग्या, पाली आणि बेडूकही येतात. पाइप पेटीच्या वीतभर खाली संपवावा, त्याचे तोंड केबलभोवती बुजवावे आणि उरलेले अंतर केबलने उघड्यावर पार करावे.

मग श्वासाची जागा कोणती? तळाला, उन्हा-पावसाच्या आड, पडदा असलेला एक ब्रीदर. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाणी जात नाही. पण पाणी जात नाही म्हणजे आत साचलेलेही बाहेर येत नाही, त्यामुळे सर्वांत खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचे वेगळे भोक लागते, पाच-सहा मिलिमीटरचे. त्याहून लहान भोकात थेंब तसाच लटकून राहतो. ‘भोक ठेवले की किडे येणार’ हा आक्षेप पूर्ण खरा आहे. मच्छरदाणीच्या जाळीतून बारीक मुंगी सहज जाते. तिला अडवायला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक स्टीलची जाळी लागते, आणि इतकी बारीक जाळी पाणीही धरून ठेवते. इथे पूर्ण तोडगा नाही. जाळी भोकाच्या तोंडावर ताणून न बसवता खाली फुगीर ठेवावी, म्हणजे थेंब टोकाला जमून पडतो. आणि मृगाआधी ती ब्रशने साफ करावी, कारण कुंभारीण माशीला असे आयते भोक मातीने लिंपायला फार आवडते.

मुंग्यांना हलके घेऊ नये. त्या कॉन्टॅक्टरच्या टोकांमध्ये चिरडतात, जळून काजळी होतात, एक फेज नीट लागत नाही आणि मोटर दोन फेजांवर गुरगुरते. विजेचा धक्का बसलेल्या मुंगीच्या गंधाने आणखी मुंग्या येतात, असे काही जातींत आढळले आहे, म्हणून एकदा सुरू झालेली रांग आपोआप थांबत नाही. पालीचे गणित निराळे: पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि दोन फेजांवर अंग टाकून मरते. पेटीवरचा दिवा लाल आणि मंद ठेवला तर ही साखळी बरीच तुटते.

हा सगळा युक्तिवाद कमी उष्णतेच्या कंट्रोलरचा आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. पाच एचपीच्या सौरपंपाचा ड्राइव्ह म्हणजे ३.७ किलोवॅट. त्यातले तीन टक्के जरी उष्णता झाले तरी शंभरावर वॅट होतात, आणि आपल्या पेटीत तेवढ्यावर सावलीतही पन्नास अंशांची वाढ होईल. तिथे ब्रीदर आणि पत्रा पुरत नाही. ज्या ड्राइव्हच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या पेटीच्या पाठीमागे बाहेर असतात तोच घ्यावा, आणि त्या पट्ट्या भिंतीला टेकवू नयेत. मागे हात जाईल एवढी मोकळी जागा असावी, म्हणजे त्यांत अडकलेला कपाशीचा कापूस आणि धूळ काढता येते.