बारा बुश आणि सहाशेंची वजावट

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपचं बिल असतं २,९२,६४० रुपयांचं आणि खात्यात जमा होतात २,१५,७४४. मधले ७६,८९६ कुठे गेले असं विचारलं की गिऱ्हाईक कंपनीच्या अकाउंट्समधून डेबिट नोट येते. कारण एकच: ‘क्वालिटी रिजेक्शन’. वर्कशॉपवाला पर्चेसला फोन लावतो. तिकडून उत्तर येतं, ‘तुम्ही क्रेडिट नोट पाठवून द्या, पुढच्या ऑर्डरला बघून घेऊ.’ क्रेडिट नोट जाते आणि पैसेही जातात. माझं म्हणणं असं की त्या वेळी फोन बाजूला ठेवून पत्र लिहावं, आणि पत्र लिहिण्याआधी डेबिट नोट ओळ न ओळ वाचावी. वजावटीचं उत्तर पुष्कळदा तिच्यातच सापडतं.

इथे घेतलेलं प्रकरण नमुन्यासाठी रचलेलं आहे, पण अशी डेबिट नोट हातात पडलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. वर्कशॉपने स्टीलचे ४,००० बुश पाठवले, दर नगाला ६२ रुपये. माल २,४८,००० चा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४४,६४०. बुशच्या भोकाचं माप ड्रॉइंगवर २५ एच७ असं दिलेलं. म्हणजे भोक २५ मिलिमीटरपेक्षा लहान चालणार नाही आणि २५.०२१ पेक्षा मोठं चालणार नाही. एवढ्या २१ मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रत्येक नग बसायला हवा. माल ४ जूनला कंपनीच्या गेटमधून आत गेला. स्टोअरने त्याच दिवशी माल मिळाल्याची पावती, म्हणजे जीआरएन, केली: आलेले ४,०००, स्वीकारलेले ४,०००, नाकारलेले शून्य. डेबिट नोट निघाली १२ जुलैला आणि कापून घेतलेलं पेमेंट आलं १८ जुलैला.

डेबिट नोटमध्ये तीन रकमा होत्या. ‘भोक मोठं’ म्हणून ६०० नगांचे जीएसटीसह ४३,८९६ रुपये. ४,००० नग निवडण्याची मजुरी, नगाला २ रुपये याप्रमाणे ८,०००. आणि असेंब्ली लाइन थांबली म्हणून २५,०००. सोबत इन्स्पेक्शन रिपोर्टचं एक पान जोडलेलं होतं. बहुतेकजण ते उघडतही नाहीत. या पानावर लिहिलं होतं: तपासलेले नग ८०, सदोष १२.

८० पैकी १२ म्हणजे १५ टक्के, आणि ४,००० चे १५ टक्के म्हणजे ६००. सहाशे बुश कुणी मोजलेलेच नव्हते. बारा बुश मोजले होते, बाकीचे ५८८ गुणाकारातून आले होते.

नमुना तपासणीचं काम लॉट घ्यायचा की नाही हे ठरवण्यापुरतं असतं. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त नग सदोष निघाले तर लॉट नापास होतो. मग एकतर सगळा लॉट परत पाठवायचा, नाहीतर शंभर टक्के निवडून वाईट नग बाजूला काढायचे. पीओत तसं ठरलेलं नसेल, तर नमुन्यातली टक्केवारी लॉटला लावून पैसे कापायचे आणि नग मात्र असेंब्लीत वापरून टाकायचे, याला आधार उरत नाही. हे बुश आता कुठे आहेत, हा प्रश्न पत्रात सगळ्यात आधी यायला हवा.

दुसऱ्या रकमेशी ताडून पाहिलं की विसंगती आणखी उघडी पडते. निवडण्याची मजुरी ४,००० नगांची लावली आहे. चारही हजार नग खरोखर निवडले असतील तर वाईट नगांची प्रत्यक्ष मोजणी झालेली असणार, तिचा तक्ता असणार आणि वाईट निघालेले नग कुठेतरी लाल पेटीत पडलेले असणार. मग टक्केवारी लावायची गरज का पडली? आणि निवडलेच नसतील तर ८,००० रुपये कशाचे? या दोन रकमा एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. माझ्या मते पत्राचा सगळा भार या एका मुद्द्यावर टाकावा. यात कुणाच्या हेतूवर बोट ठेवावं लागत नाही, फक्त त्यांचेच दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे असतात.

असं पत्र सहसा इंग्रजीत जातं. त्याचा गाभा मराठीत असा होईल:

‘आपल्या १२ जुलैच्या डेबिट नोटने आमच्या बिलातून ७६,८९६ रुपये वजा झाले आहेत. ही वजावट आम्हाला मान्य नाही. मिळालेले २,१५,७४४ रुपये आम्ही बिलापोटी आलेला हप्ता म्हणून जमा केले आहेत, पूर्ण फेड म्हणून नाही. आपल्या रिपोर्टप्रमाणे ८० नग तपासले आणि १२ सदोष आढळले. उरलेल्या ५८८ नगांच्या तपासणीची नोंद आम्हाला मिळालेली नाही. नाकारलेले नग आपल्याकडे असल्यास ते वेगळे ठेवावेत. दोन्हीकडच्या माणसांसमोर संयुक्त तपासणी करू. ते वापरले गेले असल्यास तसं लेखी कळवावं. ४,००० नग निवडल्याचा तक्ता पाठवावा. लाइन किती तारखेला, किती वेळ आणि कोणत्या नगांमुळे थांबली याची नोंद, तसंच पीओतल्या ज्या कलमाखाली ही रक्कम लावली ते कलम कळवावं. सदर १२ नग परत करून संयुक्त तपासणीत ते सदोष ठरल्यास त्यांची क्रेडिट नोट आम्ही देऊ. ती रक्कम जीएसटीसह ८७७.९२ रुपये होते. बाकीचे ७६,०१८.०८ रुपये १५ दिवसांत द्यावेत. आमचे सर्व कायदेशीर हक्क अबाधित आहेत.’

बारा नगांची तयारी आपणहून दाखवणं मला मोलाचं वाटतं. जिथे चूक असू शकते ती जागा मोकळी ठेवली की बाकीच्या मागणीला वजन येतं. संयुक्त तपासणीची मागणीही नुसती शोभेची नाही. असं भोक बहुतेक ठिकाणी प्लग गेजने तपासतात. त्याचं एक टोक ‘गो’, ते आत गेलंच पाहिजे. दुसरं ‘नो-गो’, ते आत जाता कामा नये. वापरून वापरून ‘नो-गो’ टोक झिजलं तर ते बारीक होतं, आणि २५.०१९ च्या चांगल्या भोकातही शिरतं. मग वरच्या मर्यादेजवळचे सगळे नग ‘भोक मोठं’ म्हणून बाद होतात. म्हणून संयुक्त तपासणीला जाताना त्यांच्या गेजचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि त्यावरची तारीख बघावी, आणि आपल्या कॅलिब्रेट केलेल्या बोअर गेजने तेच बारा नग त्यांच्यासमोर मोजावेत. वर्कशॉपमधून माल निघताना केलेला तपासणी अहवाल जपून ठेवला असेल तर तोही सोबत न्यावा.

आता कायदा. वर्कशॉपची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून पुरवठ्याच्या आधीपासून असेल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा मदतीला येतो. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. आपल्या प्रकरणात ती मुदत १९ जूनला संपली आणि पहिला लेखी कागद १२ जुलैचा. लेखी करारात मुदत कितीही मोठी घातली तरी स्वीकारापासून ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे थकवता येत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीने. ही तीन वाक्यं पत्राच्या शेवटी शांतपणे मांडावीत. धमकीचा सूर नको, कारण बुश पुढेही त्यांनाच विकायचे आहेत.

पण या कलमाला आहे त्यापेक्षा जास्त ताकद आहे असं समजू नये. पंधरा दिवस उलटल्याने पैसे कधी द्यायचे आणि व्याज कधीपासून लागायचं हे ठरतं. माल खरोखरच वाईट असेल तर १९३० च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे खरेदीदार माल ठेवून घेऊनही किंमत कमी करून मागू शकतो, पण नुकसान त्याने दाखवून द्यायला हवं. जीआरएनवरचा ‘स्वीकारले’ हा शिक्काही अभेद्य नाही. बऱ्याच पीओंत लाइनवर दोष सापडला तरी नाकारण्याचा हक्क राखलेला असतो. कास्टिंगच्या पोटातली पोकळी मशीनिंगनंतरच दिसते, तिथे उशिरा आलेली तक्रार रास्त असते. भोकाचं माप मात्र माल आला त्या दिवशी गेज घालून दिसतं, एवढं पत्रात म्हणता येतं. आणि लाइन थांबल्याच्या दंडाचं कलम पीओत असेल, त्यावर आपली सही असेल आणि थांबल्याची नोंद खरी निघाली, तर त्या २५,००० वर तडजोडीला बसावं लागेल. म्हणून तीन रकमांना तीन वेगवेगळी उत्तरं द्यावीत. सगळ्यांना मिळून एक सरसकट ‘अमान्य’ लिहिलं की एक रकम खरी ठरताच बाकीचीही संशयात येते.

जीएसटीचा धागा लोक बहुधा विसरतात. या बिलाचा ४४,६४० रुपये कर वर्कशॉपने सरकारला भरायचा आहे. कंपनीने ६०० नगांवरचा ६,६९६ रुपये करही कापून घेतला, पण तिच्या डेबिट नोटने वर्कशॉपची कराची देणी कमी होत नाहीत. ती कमी होतात फक्त वर्कशॉपने स्वतः क्रेडिट नोट काढली तर. पर्चेसचा माणूस क्रेडिट नोटेचा आग्रह धरतो त्यामागे हेही कारण असतं, आणि ती काढली की आपण दोष कबूल केल्याचा कागद त्यांच्या हाती जातो. म्हणून क्रेडिट नोट मान्य झालेल्या नगांपुरतीच काढावी, आणि नग परतीच्या चलनासह हातात आल्यावरच.

पत्र अकाउंट्स, पर्चेस आणि क्वालिटी या तिघांनाही एकाच वेळी ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने पाठवावं. एकट्या अकाउंट्सला पाठवलं तर ‘क्वालिटीला विचारा’ म्हणून ते परत येतं. उत्तर नाही आलं तर १५ दिवसांनी स्मरणपत्र, आणि तरीही गप्प राहिले तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज. तिथे आधी समेट घडवून आणायचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ठरलेल्या रकमेचे ७५ टक्के भरावे लागतात. हे माहीत असलेल्या कंपन्या परिषदेच्या आधीच टेबलावर बसायला तयार होतात.

आणखी एक कागद सांभाळायचा असतो. मार्चअखेरीस कंपनीकडून बाकी कबुलीचं पत्र येतं. त्यात तुमच्या नावावर ७६,८९६ रुपये येणं दाखवलेलं नसतं, कारण त्यांच्या वहीत डेबिट नोट केव्हाच चढलेली असते. घाईत त्यावर सही-शिक्का मारला तर जुलैत लिहिलेल्या पत्राचं बळ आपल्याच सहीने कमी होतं. बाकी जुळत नसल्याचं तिथेच लिहावं, वादातली रक्कम आणि आपल्या पत्राची तारीख घालावी, आणि मगच ते परत पाठवावं.