कॅप्सूल किरणोत्सारी, पण किती?

बरेच दिवस पोट जळजळतं, जेवल्यावर जड वाटतं, म्हणून डॉक्टरांकडे जावं आणि त्यांनी चिठ्ठीवर 'सी-14 युरिया ब्रेथ टेस्ट' लिहून द्यावं. नाव शोधलं की 'किरणोत्सारी' हा शब्द समोर येतो आणि रुग्ण तिथेच थबकतो. साधं पोटाचं दुखणं, त्यासाठी किरणोत्सारी पदार्थ कशाला गिळायचा?

शोध घ्यायचा असतो तो हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा. जठरातला अल्सर बहुधा याच्यामुळे होतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये दाखवून दिलं. 2005 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जठरातल्या तीव्र आम्लात हा जिवाणू टिकतो, कारण त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. ते युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. अमोनियामुळे जिवाणूभोवतीचं आम्ल सौम्य होतं. माणसाच्या पेशी मात्र युरिएज बनवत नाहीत. म्हणून युरियातल्या कार्बनला ओळखखूण लावून तो रुग्णाला दिला आणि तीच खूण थोड्या वेळात श्वासात भरपूर आली, तर जठरात हा जिवाणू असल्याचं कळतं. ही ओळखखूण म्हणजे कार्बन-14.

चाचणी उपाशीपोटी होते. कोमट पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायची, तीन मिनिटांनी आणखी थोडं पाणी प्यायचं आणि दहा मिनिटांनी फुग्यात श्वास सोडायचा. कॅप्सूल चावायची नाही, कारण तोंडातल्या काही जिवाणूंकडेही युरिएज असतं आणि मग अहवाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड द्रवात शोषून यंत्राखाली मोजतात. एका प्रचलित पद्धतीत मिनिटाला 50 पेक्षा कमी विघटनं म्हणजे निगेटिव्ह आणि 200 किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. मधला आकडा आला तर निष्कर्ष काढता येत नाही.

आता प्रश्न मात्रेचा. कॅप्सूलमध्ये साधारण 37,000 बेकरेल कार्बन-14 असतो, म्हणजे त्यातले 37,000 अणू दर सेकंदाला फुटतात. आकडा मोठा वाटतो. पण वातावरणात कार्बन-14 सतत तयार होत असतो आणि भाजी-भाकरीतून आपल्या शरीरात येतच असतो. सत्तर किलोच्या माणसात त्याचे सुमारे साडेतीन हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात, जन्मभर. कॅप्सूल त्याच्या दहापट, पण थोड्या काळापुरती.

'अर्धायुष्य 5,730 वर्षं' वाचून लोक जास्त घाबरतात. हा काळ अणू फुटण्याचा आहे, शरीरात राहण्याचा नव्हे. हिशेब करून पाहू. सेकंदाला 37,000 अणू फुटण्यासाठी कॅप्सूलमध्ये सुमारे दहा हजार लाख कोटी अणू लागतात. त्यांचं वजन मायक्रोग्रॅमच्या पाव भागाहूनही कमी! सगळे अणू अख्खा दिवस शरीरात राहिले, तरी त्यांतला तीस लाखांतला एकच फुटेल. प्रत्यक्षात बहुतेक युरिया लघवीतून किंवा श्वासातून त्याआधीच किंवा दोन-तीन दिवसांत निघून जातो. थोडा कार्बन शरीरात जास्त काळ रेंगाळतो.

जे अणू फुटतात, त्यांतून कमी ऊर्जेचा बीटा कण निघतो. तो शरीराच्या ऊतींमध्ये फार तर अर्ध्या मिलिमीटरच्या आत थांबतो. म्हणून घरातल्या माणसांपासून दूर राहण्याची गरज नसते.

रेंगाळलेला कार्बन धरूनही एकूण मात्रा सुमारे तीन मायक्रोसीव्हर्ट भरते. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून आपल्याला जगात सरासरी वर्षाला 2,400 मायक्रोसीव्हर्ट मिळतात, म्हणजे रोज साडेसहा. एका चाचणीचा हिस्सा अर्ध्या दिवसाच्या आत बसतो. याच कारणाने 1997 मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने ही कॅप्सूल खास परवान्याशिवाय द्यायला मुभा दिली.

तरीही गर्भवती आणि लहान मुलांना सहसा कार्बन-13 ची चाचणी देतात. तो किरणोत्सारी नसतो, मात्र त्यासाठी वेगळं उपकरण लागतं.

या चाचणीत खरी सावधगिरी किरणोत्साराबाबत नव्हे, औषधांबाबत घ्यायची असते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी थांबवावी लागतात, तेही डॉक्टरांना विचारून. नाहीतर जिवाणू दबलेला असतो आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. उपचारानंतर जिवाणू खरंच गेला का हे पाहायलाही किमान चार आठवडे थांबतात. समजा, आधी 340 आलं होतं. औषधाचा कोर्स संपताच तपासून 18 आलं, तर तो आकडा भरवशाचा नाही. पूर्ण अवधी देऊन, गोळ्या थांबवून 18 आलं, तर जिवाणू गेला असं डॉक्टर बहुतेक खात्रीने सांगू शकतात, आणि त्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही.