सही एकाची की दोघांची?

दोन संचालकांची छोटी प्रायव्हेट कंपनी चालू खातं उघडायला जाते, तेव्हा बँक संचालक मंडळाच्या ठरावाचा प्रमाणित उतारा मागते. कंपनी स्वतः सही करू शकत नाही. तिच्या वतीने कोण करणार, हे बँकेला या कागदावरूनच कळतं.

उतारा लेटरहेडवर असावा. त्यात सभेची तारीख, ठिकाण, बँक व शाखेचं नाव हवं. खरी मेख व्यवहाराच्या कलमात असते. ‘खातं दोन्ही संचालक चालवतील’ एवढंच लिहिलं, तर चेकवर एक सही चालेल की दोन लागतील? बँक अंदाज करत नाही, कागद परत करते. म्हणून स्पष्ट लिहावं: ‘₹50,000पर्यंत कोणीही एक, त्यापुढे दोघे संयुक्तपणे.’ मात्र अशी मर्यादा बँक स्वीकारते का, हे आधी शाखेत विचारावं.

शाखा व्यवस्थापकांच्या नावे जाणाऱ्या पत्रात हेच शब्द जसेच्या तसे उतरवावेत आणि सोबतच्या कागदांची यादी द्यावी: नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्रक, नियमावली, पॅन, संचालकांची ओळखपत्रं. पत्रात ‘कोणीही एक’ आणि ठरावात ‘संयुक्तपणे’ असेल, तर अर्ज तिथेच अडकतो.